चष्म्याचे पैसे नेमके कुठे घालावेत?

माझ्या भाचीचा नंबर मायनस सहा. नवा चष्मा करायला गेलो, तर दुकानदाराने आधी मोठ्ठी फ्रेम दाखवली आणि मग म्हणाला, "नंबर जास्त आहे, काच जाड दिसेल. १.६७ ची पातळ लेन्स घ्या." पातळ लेन्स साध्या लेन्सच्या कित्येक पट महाग होती.

मायनस नंबरची काच मध्यभागी पातळ असते आणि कडेला जाड होत जाते. बुबुळासमोरच्या बिंदूपासून कड जितकी लांब, तितकी ती जाड. म्हणून जाडी लेन्सच्या जातीइतकीच फ्रेमवरही ठरते. फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला ५०-१८ असे आकडे असतात. ५० ही एका काचेची रुंदी, १८ हे नाकावरचं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बेरीज ६८. भाचीच्या दोन बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६२. म्हणजे तिची नजर प्रत्येक काचेच्या मध्यापासून ३ मिलिमीटर नाकाकडे पडणार आणि कानाकडची कड तिथून २८ मिलिमीटर लांब राहणार. साध्या १.५ च्या लेन्समध्ये ही कड साधारण पावणेसात मिलिमीटर जाड होते, १.६७ मध्ये साडेपाच.

मग आम्ही ४६-१८ ची गोलसर फ्रेम पाहिली. तिच्यात कड २४ मिलिमीटरवर आली आणि साध्या लेन्सचीच जाडी साडेपाच झाली! महाग लेन्सने जे साधलं असतं, ते लहान फ्रेमने फुकटात साधलं. मायनस दोनसारख्या नंबरला तर पातळ लेन्सने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाचतो; तिथे तो खर्च करूच नये.

अँटी-ग्लेअर कोटिंगला मात्र मी नाही म्हणणार नाही. साध्या प्लास्टिक लेन्सवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ वरून १२ टक्क्यांच्या आसपास. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचे ठिपके काचेत दिसतात ते त्यामुळेच. लेन्स ट्यूबलाइटखाली धरून पाहा: प्रतिबिंब पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही, फिकट हिरवट-निळसर दिसलं तर आहे. ब्लू-कटचे जादा पैसे देऊ नका. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असं काही आढळलं नाही.

लहान मुलांसाठी पॉलिकार्बोनेटला थोडे जास्त द्यावेत, कारण ते सहसा फुटत नाही. चाळिशीनंतरच्या प्रोग्रेसिव्हमध्येही जास्त पैसे कामी येतात; चांगल्या डिझाइनमध्ये मधला स्पष्ट पट्टा रुंद मिळतो. पण फ्रेम चेहऱ्यावर बसवून बुबुळाची उंची मोजून घेतली नाही, तर महागातली प्रोग्रेसिव्हही वाया जाते.

तेव्हा दुकानात आधी पीडी मोजून घ्या, ती कागदावर लिहून मागा, आणि फ्रेम पसंत करण्यापूर्वी काडीवरचे आकडे वाचा.