दोन फाशांतला मोठा आकडा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असली, की खेळाडू वीस बाजूंचे दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा धरतो. सरासरी १०.५ वरून साधारण १३.८ वर जाते.

पण ही सरासरी फसवी आहे. समजा, राक्षसावर वार बसायला ११ किंवा जास्त हवेत. एका फाशाने शक्यता निम्मी. दोन्ही फासे चुकण्याची शक्यता पाव, म्हणून यश ७५ टक्के. जणू आकड्यात ५ची भर. नेमके २०च हवे असतील, तर मात्र ५ टक्क्यांचे जेमतेम ९.७५ होतात.

‘शॅडोरन’मध्ये मूठभर साधे फासे टाकून ५ आणि ६ मोजतात. तिथे सहा फाशांना सरासरी दोन यशे, बारांना चार: प्रत्येक फाशाची भर सारखीच. म्हणून दुसरा फासा मिळवायची धडपड मधल्या आकड्यांसाठीच करावी.