वारस दाखला आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र : कोणता कागद कशाला?

घरचा कर्ता माणूस गेला. दहावा झाला, तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. मग घरच्या माणसांना आठवण होते ती कागदांची. बँकेत जावे तर बँकवाला म्हणतो, “कोर्टाचा दाखला आणा.” तलाठ्याकडे जावे तर तो म्हणतो, “वारसांची नावे द्या.” आमच्या वर्गात एक आजी आली आणि तिने अहिराणीत विचारले, “दादा, कोणता दाखला लागस?” हा प्रश्न अगदी बरोबर आहे. कारण दाखला एक नाही. चुकीचा दाखला काढला तर पैसाही जातो आणि वर्षही जाते.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, अमळनेर तालुक्यातला एक शेतकरी वारला. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी आहे. त्याने चार गोष्टी मागे ठेवल्या. चार एकर शेत, धुळे शहरात एक प्लॉट, एका सहकारी बँकेत सात लाखांची ठेव, आणि कपाशीच्या व्यापाऱ्याकडे राहिलेले ऐंशी हजार रुपये. ठेवीला वारस म्हणून कोणाचेही नाव लावलेले नव्हते.

पहिले काम मृत्यूच्या नोंदीचे. ही नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी. नाव नीट पाहून घ्यावे. सातबाऱ्यावर एक नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे, असे झाले की पुढे प्रत्येक कचेरीत अडते.

आता शेत घेऊ. शेतासाठी कोर्टात धावायची गरज सहसा पडत नाही. मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. तो फेरफार लिहितो आणि चावडीवर नोटीस लावतो. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात. पण ध्यानात ठेवा, ही नोंद सरकारी दप्तरापुरती आहे. तिने मालकीचा तंटा मिटत नाही आणि ती दाखवून बँक पैसे देईलच असेही नाही.

दुसरा प्लॉट. तिथे नाव लावताना कचेरीने “वारस कोण ते कोर्टातून ठरवून आणा” असे म्हटले, तर लागतो तो वारस दाखला. तामिळनाडूसारख्या राज्यात असा दाखला तहसीलदार देतो. म्हणून आपल्याकडेही पुष्कळजण आधी तहसील कचेरीत खेटे घालतात. आपल्या खानदेशात तो दिवाणी कोर्टातून मिळतो, आणि तोही फार जुन्या कायद्याने. तो कायदा १८२७ सालचा आहे. तेव्हा जळगाव-धुळे असे दोन जिल्हे नव्हते, सगळा मिळून एकच खानदेश होता. अर्ज आला की कोर्ट जाहीरनामा काढते, “कोणाची हरकत असेल तर एक महिन्यात या.” कोणी आले नाही आणि पुरावा पटला तर दाखला मिळतो. तो एवढेच सांगतो की मेलेल्या माणसाचे वारस हे. घर, प्लॉट अशा स्थावर मालमत्तेला तो चालतो.

तिसरी ठेव आणि चौथी उधारी. हे दोन्ही म्हणजे दुसऱ्याकडून येणारे पैसे. यासाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात उत्तराधिकार प्रमाणपत्र सांगितले आहे. वकील त्याला ‘सक्सेशन’ म्हणतात. बँकेतली ठेव, शेअर, रोखे, लोकांकडचे येणे, यांना ते लागते. जमिनीला आणि घराला ते चालत नाही.

पण बँकेत थोडी रक्कम असेल तर आधी चौकशी करा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली नियम केला. वारसाचे नाव लावलेले नसले आणि घरात तंटा नसला, तर सहकारी बँकांनी पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांनी पंधरा लाखांपर्यंतचे पैसे सोप्या कागदांवर द्यावेत. म्हणजे मृत्यूचा दाखला, हमीपत्र, आणि बाकीच्या वारसांची संमती. आपल्या उदाहरणात ठेव सहकारी बँकेत आहे आणि सात लाखांची आहे. म्हणून बँक कोर्टाचा कागद मागू शकते.

व्यापाऱ्याचे काय? त्याने आपण होऊन पैसे दिले तर प्रश्न नाही. तो “देतो, देतो” म्हणत राहिला आणि दावा लावावा लागला, तर हे प्रमाणपत्र असल्याशिवाय कोर्ट त्याच्याविरुद्ध हुकूमनामा देत नाही.

मयत ज्या कोर्टाच्या हद्दीत राहत होता तिथे अर्ज करायचा. अर्जात मृत्यूची तारीख, सगळ्या जवळच्या नातेवाइकांची नावे-पत्ते, आणि येणे असलेल्या रकमांची यादी द्यायची. यादीकडे नीट लक्ष द्या. जी रक्कम यादीत नाही, तिला प्रमाणपत्र लागू होत नाही. ठेव लिहिली आणि व्यापारी विसरला, तर प्रमाणपत्र वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज करावा लागतो. कोर्टाची फी रकमेच्या मानाने असते आणि अर्जाबरोबरच भरावी लागते. म्हणून वकिलाला आधी विचारा, “फी किती होईल?” मगच ठरवा. कोर्ट सर्वांना नोटीस काढते, हरकत ऐकते, आणि कधी कधी जामीनही मागते.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. ज्याच्या नावाने प्रमाणपत्र निघाले, तो मालक होत नाही. त्याच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी होते, एवढेच. समजा थोरल्या मुलाने प्रमाणपत्र घेतले. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल आणि पैसा त्यांच्या स्वकष्टाचा असेल, तर हिंदू कायद्याने आई, बायको, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच सारखे वाटे होतात. सात लाखांचे प्रत्येकी एक लाख चाळीस हजार. मुसलमान आणि आदिवासी बांधवांचे वाटे त्यांच्या त्यांच्या कायद्याने किंवा रूढीने ठरतात. थोरल्याने अर्जात आजीचे किंवा बहिणीचे नाव लपवले, तर त्यांना ते प्रमाणपत्र रद्द करून मागता येते. “बहीण सासरी गेली, तिला काय विचारायचे?” हे बोलणे कोर्टात चालत नाही.

बँकेत वारस म्हणून नाव लावले, त्यालाही हेच लागू. तो पैसे उचलतो, पण वाटे सर्वांचे. ‘कालनिर्णय’ कॅलेंडर आपल्या भिंतीवर असते. ते काढणारे जयंत साळगावकर २०१३ साली वारले. त्यांच्या शेअर आणि फंडांवर ज्यांची नावे लावली होती, ते मालक की नुसते राखणदार, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०२३ साली कोर्टाने सांगितले, नाव लावल्याने मालकी येत नाही.

शेवटी एक खूण सांगतो. गावात, कचेरीत, बार रूममध्येही, दोन्ही कागदांना लोक ‘वारस दाखला’च म्हणतात. म्हणून कोणी दाखला मागितला की विचारायचे, “१८२७ चा की १९२५ चा?” वारस कोण हे दाखवायचे असेल तर १८२७ चा. दुसऱ्याकडचा पैसा उचलायचा असेल तर १९२५ चा. उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून मागा. आता तुम्हाला वाचता येते. तो कागद वाचा, आणि मगच वकिलाकडे जा.