फोटोतले पीठ ओळखताना

मैदा, कणीक, रवा आणि बेसन समोर असले की चिमटीत धरून कोणीही ओळखते. फोटोत स्पर्श नसतो, वास नसतो, आणि ज्या रंगावर सगळे विसंबतात तो रंगच सर्वांत आधी फसवतो. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली मैदा बेसनासारखा दिसतो, तर भर उन्हात काढलेल्या फोटोत कणीक मैद्याइतकी पांढरी पडते. म्हणून रंगाआधी पिठाचा पोत पाहावा.

पोतातला हा फरक दळणातून येतो. गव्हाच्या दाण्याला बाहेरून कोंडा असतो, एका टोकाला अंकुर असतो आणि उरलेला मोठा भाग पिठूळ गराचा असतो. चक्कीत दाणा सगळाच्या सगळा दळला की कणीक होते. पाकिटावर तिला आटा म्हणतात. गिरणीत कोंडा आणि अंकुर वेगळे काढून नुसता गर भरडला की रवा मिळतो, आणि तोच गर अगदी बारीक दळून चाळला की मैदा. बेसनाचा गव्हाशी संबंध नाही. ते हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आहे.

समजा, एका फोटोत पिवळ्या दिव्याखाली चार वाट्या ठेवल्या आहेत आणि चारही पिठे कमीजास्त पिवळसर दिसताहेत. पहिल्यांदा रवा बाजूला काढता येतो. फोटो मोठा करून पाहिला की त्याचे कण सुटे दिसतात, प्रत्येकाची बारीक सावली पडलेली असते, आणि कण एकमेकांवरून घसरत असल्यामुळे ढिगाचा उतार सारखा असतो. त्यात बोटाचा ठसा नीट टिकत नाही. रव्यातही बारीक आणि जाड असा भेद आहे. अगदी बारीक रवा लांबून काढलेल्या फोटोत मैद्यासारखा वाटू शकतो, तेव्हा ढिगाचा उतारच उपयोगी पडतो.

मग कणीक शोधावी. तिच्यात कोंड्याचे तांबूस-तपकिरी ठिपके विखुरलेले असतात. दिवा कितीही पिवळा असला तरी ठिपका आजूबाजूच्या पिठापेक्षा गडदच राहतो, म्हणून ही खूण रंगापेक्षा भरवशाची आहे. मात्र कणीक बारीक चाळणीने चाळलेली असेल किंवा फोटोत उजेड फार झाला असेल, तर ठिपके नाहीसे होतात.

उरतात मैदा आणि बेसन. दोन्ही बारीक आहेत, दोन्हींत बोटाचा ठसा उमटतो. इथे फोटोतली एखादी खात्रीने पांढरी वस्तू शोधावी, ताटलीची कड किंवा कागद. तीही पिवळी दिसत असेल तर तो पिवळेपणा दिव्याचा. जे पीठ त्या कडेच्या रंगाच्या जवळ जाते ते मैदा आणि जे तिच्याहून स्पष्ट पिवळे ते बेसन. हरभऱ्याच्या डाळीत गव्हापेक्षा तेलाचा अंश जास्त असल्यामुळे बेसनाच्या गुठळ्याही लवकर होतात, पण दमट हवेत मैद्याच्याही होतात. म्हणून ही खूण दुय्यम मानावी.

ओळख चुकली तर पदार्थ बिघडतो, कारण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मैदा पाण्यात मळला की गव्हातली प्रथिने चिवट जाळे धरतात, म्हणून पाव फुगतो आणि चिरोट्याची पोळी पातळ लाटता येते. कणकेतही तीच प्रथिने असतात, पण कोंडा ते जाळे जागोजागी तोडतो आणि पाणीही जास्त पितो. त्यामुळे कणीक मैद्यापेक्षा सैल भिजवून थोडा वेळ झाकून ठेवली तर पोळी मऊ होते. पुरणपोळीला अनेक घरांत कणकेत थोडा मैदा मिसळतात, तो पारी ताणली जावी आणि पुरण बाहेर येऊ नये म्हणून. रव्याचा कण भाजल्यावर पाणी शोषून फुगतो पण मोडत नाही. उपमा आणि शिरा मोकळा होतो तो यामुळेच. कोकणात आणि गोव्यात मासळी तळताना तोच रवा वरून लावतात, त्याने कुरकुरीत कवच येते. बेसनात चिवट जाळे धरणारी प्रथिने नाहीत, म्हणून त्याची पोळी लाटायला गेले तर चिरते. ते शिजताना दाट होते आणि तळताना भाजीला घट्ट धरते. पिठले, झुणका, भजी आणि बटाटेवड्याचे आवरण या गुणावर उभे आहे. लाडवाला मात्र जाडसर दळलेले बेसन घ्यावे. बारीक बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो.

काही प्रश्न फोटोवरून सुटत नाहीत. तांदळाचे बारीक पीठ आणि मैदा, किंवा बेसन आणि पिवळ्या वाटाण्याचे पीठ फोटोत वेगळे सांगता येत नाही. बेसनातली भेसळही तशीच लपते. पिठाचा फोटो पाठवणाऱ्याने ते दिवसा खिडकीपाशी पांढऱ्या ताटलीत घ्यावे, चमच्याने मधोमध एक रेघ ओढावी आणि कण दिसतील इतक्या जवळून फोटो काढावा.