पहिल्या दिवसाची किंमत

माझ्या मावसबहिणीने दोन वर्षांपूर्वी थालीपिठाच्या भाजणीची पाकिटं विकायला सुरुवात केली. अर्धा किलोचं पाकीट, किंमत १२० रुपये. भाजणी खमंग होती आणि सोसायटीतल्या बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. चार महिन्यांत चाळीसेक घरं दर महिन्याला पाकीट मागवू लागली. मग एका सोमवारी सकाळी तिने व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली : ‘उद्यापासून भाजणीचं पाकीट १६० रुपये.’ दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं, ‘ताई, आधी १२० होतं ना?’ त्यानंतर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही, आणि तिला त्या प्रश्नापेक्षा ही शांतता जास्त लागली.

तिची भाजणी १६० रुपयांची होतीच, कारण हिशेब तसाच होता. धान्य, डाळी आणि धणे-जिरे मिळून ५२ रुपये, भाजण्याचा गॅस आणि मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी १८, दळण ६, पिशवी आणि लेबल ९, ने-आण १०. एकूण ९५ रुपये. घरून १२० ला विकलं की २५ रुपये सुटत, म्हणून सुरुवातीला तिला ते पुरेसं वाटलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाकिटं ठेवायची तयारी दाखवली आणि २० टक्के मार्जिन मागितलं. १२० वर २० टक्के म्हणजे २४, तिच्या हाती ९६, आणि खर्च ९५. एका पाकिटामागे एक रुपया उरत होता. १६० वर दुकानदाराला ३२ दिले तरी १२८ उरतात आणि पाकिटामागे ३३ रुपये सुटतात. भाव वाढवणं भागच होतं. तिचं चुकलं ते चार महिने आधी. १२० हा ओळखीचा, सुरुवातीचा भाव आहे हे तिच्या मनात होतं, पण तिने ते कुणाला सांगितलंच नव्हतं. गिऱ्हाइकांच्या लेखी १२० हीच भाजणीची किंमत होती.

मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. आपल्याकडे पुस्तकांची प्रकाशनपूर्व सवलत वर्षानुवर्षं चालत आली आहे. छापील किंमत इतकी, अमुक तारखेपर्यंत आगाऊ नोंदणी करणाऱ्याला इतक्यात. ती तारीख उलटल्यावर तेच पुस्तक पूर्ण किमतीला घेणारा वाचक प्रकाशकावर चिडत नाही, कारण दोन्ही आकडे त्याने पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी वाचलेले असतात.

दोन आकडे शेजारी असले की माणूस वेगळा विचार करतो, हे एका जुन्या पाहणीत फार नेमकं दिसलं. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हर शहरांतल्या लोकांना फोन करून काही प्रसंग सांगितले आणि हे रास्त की अन्याय्य, असं विचारलं. १९८६ साली त्यावरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातला एक प्रसंग मोटारींचा होता. एका मॉडेलचा तुटवडा आहे, गाडीसाठी दोन महिने थांबावं लागतं. आतापर्यंत छापील किमतीला विकणारा डीलर आता वर २०० डॉलर मागतो. ७१ टक्के लोकांनी याला अन्याय्य म्हटलं. दुसऱ्या गटाला तोच प्रसंग थोडा बदलून सांगितला : डीलर आतापर्यंत छापील किमतीवर २०० डॉलर सूट देत होता, आता ती बंद करून छापील किमतीलाच गाडी देतो. याला अन्याय्य म्हणणारे ४२ टक्केच निघाले. दोन्हीकडे गिऱ्हाइकाच्या खिशातून २०० डॉलरच जास्त जातात. पण पहिल्यात आपल्यावर वाढ लादली गेली असं वाटतं, दुसऱ्यात मिळत असलेली सवलत संपली असं वाटतं. अर्थात ४२ टक्के हा आकडाही लहान नाही. सवलत संपतानाही काही माणसं नाराज होणारच. पण बहुसंख्य लोक समजून घेतात.

आता हेच आपल्या जवळ कसं घडलं ते पाहू. महिंद्रने पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणारी एक्सयूव्ही ७०० ही गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केली. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ११.९९ लाख. बुकिंग ७ ऑक्टोबरला उघडलं, पण त्याआधीच कंपनीने सांगून ठेवलं होतं की ही किंमत पहिल्या २५,००० बुकिंगपुरतीच आहे. ती २५,००० बुकिंग ५७ मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवशी वाढलेल्या भावाने, म्हणजे १२.४९ लाखांपासून, पुन्हा बुकिंग सुरू झालं आणि आणखी २५,००० गाड्या दोनेक तासांत नोंदल्या गेल्या. एका रात्रीत पन्नास हजारांची वाढ झाली, तरी लोक थांबले नाहीत. गाडीला मागणी होती हे खरंच, पण सवलत कुठे संपते ती रेघ आधी आखलेली होती, हेही तितकंच खरं.

मोटारींच्या बाबतीत खरा तिढा वेगळ्याच जागी असतो. बुकिंग आणि गाडी हातात येणं यांत कित्येक महिने जातात. तेवढ्यात भाव वाढला तर पैसे भरून रांगेत उभ्या असलेल्या माणसाने कोणता भाव द्यायचा? टाटांनी नॅनोच्या वेळी याचं उत्तर आधीच दिलं होतं. २००९ च्या एप्रिलमध्ये बुकिंग झालं, दोन लाखांहून जास्त अर्ज आले, त्यांतून सोडतीने पहिले एक लाख ग्राहक ठरले आणि त्या एक लाखांना जाहीर केलेल्याच भावाने गाडी देण्याचा शब्द होता. २०१० मध्ये किंमत वाढली ती त्यांच्यानंतरच्यांसाठी. नॅनोचं पुढे काय झालं तो वेगळा विषय, पण ही रेघ आखण्याची रीत आजही शिकण्यासारखी आहे. तुमच्या दुकानात आगाऊ ऑर्डर घेत असाल तर पावतीवर एक वाक्य हवंच : भाव बुकिंगच्या दिवशीचा की माल देण्याच्या दिवशीचा.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. ज्याने एकदाच वस्तू घेतली आणि घरी नेली, तो नंतरच्या भाववाढीने दुखावत नाही, उलट आपण वेळेवर घेतलं म्हणून खूश असतो. त्याला दुखावतो तो भाव उतरणं. ॲपलने २००७ मध्ये पहिला आयफोन ५९९ डॉलरला आणला आणि दहा आठवड्यांत तो ३९९ वर आणला, तेव्हा आधीचे ग्राहक इतके संतापले की स्टीव्ह जॉब्ज यांना जाहीर पत्र लिहून त्यांना १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. भाववाढ झोंबते ती पुन्हा पुन्हा घेणाऱ्याला. भाजणी, दूध, डबा, महिन्याची शिकवणी, मोबाइलचं रिचार्ज. या माणसाने तुमच्यावर सगळ्यांत आधी विश्वास टाकलेला असतो आणि वाढही त्यालाच सगळ्यांत आधी सोसावी लागते.

पाकीटबंद मालाला आणखी एक बंधन आहे, आणि मावसबहीण तिथेही अडकली. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. त्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेता येतं. किंमत कमी करायची असेल तर नव्या किमतीचं स्टिकर लावता येतं, तेही मूळ छापील किंमत न झाकता. वाढवण्यासाठी स्टिकर चालत नाही. तिच्याकडे १२० छापलेली सहाशे लेबलं शिल्लक होती आणि ती सगळी वाया गेली. तिने पहिल्याच दिवशी लेबलावर १६० छापून पाकीट १३० ला विकलं असतं, तर कायदाही पाळला गेला असता आणि गिऱ्हाइकाला दर वेळी पाकीट हातात घेताना खरी किंमत दिसत राहिली असती. मात्र १६० छापून ते कधीच १६० ला विकायचं नसेल तर ती शुद्ध फसवणूक आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांत लोकांच्या ते लक्षात येतं.

या वर्षी तिने उपवासाची भाजणी आणली तेव्हा आम्ही दोघींनी बसून संदेश लिहिला. तो असा होता : ‘उपवासाची भाजणी, अर्धा किलो. किंमत १६० रुपये. ३० सप्टेंबरपर्यंत १३० रुपयांत. १ ऑक्टोबरपासून १६०. ३० सप्टेंबरपर्यंत ज्यांनी एकदा तरी घेतली, त्यांना पुढची तीन पाकिटं दिवाळीपर्यंत १३० नेच.’ तारीखच घातली, ‘पहिले शंभर ग्राहक’ असं नाही, कारण शंभर कधी भरले हे घरगुती धंद्यात गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि मग संशय येतो.

त्या तीन पाकिटांवर आमचा वाद झाला. तिला ते पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटत होते. मग कागद घेतला. खर्च पुन्हा ९५ च्याच घरात होता. चाळीस घरं, तीन पाकिटं, प्रत्येकी ३० रुपये : ३,६०० रुपये कमी मिळणार. उलट भाव एकदम वाढल्याने दहा घरं तुटली, आणि प्रत्येक घर महिन्याला दोन पाकिटं घेत असेल, तर पाकिटामागे ६५ प्रमाणे महिन्याला १,३०० रुपये जातात. तीन महिन्यांच्या आतच तुटलेली घरं जास्त महाग पडतात. तिने तीन पाकिटं मान्य केली.

भाव वाढल्यावर पहिल्या महिन्याची विक्री बघून घाबरू नये. शेवटच्या आठवड्यात लोक दोन-दोन पाकिटं जास्त घेऊन ठेवतात, त्यामुळे पुढचा महिना मंद जातोच. खरं चित्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसतं : जुन्यांपैकी किती घरं पुन्हा आली ते वहीत मोजावं. तारीख मात्र पुढे ढकलू नये. एकदा ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ दिली की पुढच्या वेळी कुणीच घाई करत नाही, आणि ज्याने ३० तारखेला धावत येऊन घेतलं तो स्वतःला मूर्ख ठरलेला समजतो. सवलतीची टक्केवारीही आटोपशीर असावी. १६० ची वस्तू ८० ला दिली तर लोकांच्या मनात ८० हीच तिची खरी किंमत बसते, शेजारी १६० कितीही मोठ्या अक्षरांत लिहा. आणि सवलत संपवताना पाकिटातले पन्नास ग्रॅम गुपचूप कमी करू नयेत. भाववाढ माणूस विसरतो, कमी वजन विसरत नाही.

तुमचा धंदा आधीच सुरू असेल आणि पूर्ण किंमत अजून सांगितली नसेल, तर भाव वाढवायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. आजच ग्रुपवर लिहा की खरी किंमत इतकी आहे, सध्याचा भाव अमुक तारखेपर्यंत आहे, आणि त्या तारखेला किमान एक महिना बाकी ठेवा.