आवाज चढला, म्हणजे नेमकं काय?

मराठीत 'आवाज चढला' असं आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. भांडणात आवाज चढतो तेव्हा तो मोठा झालेला असतो. गाण्यात चढतो तेव्हा स्वर वर गेलेला असतो. 'टीव्हीचा आवाज खाली कर' यातलं 'खाली' आणि 'खालचा सा' यातलं 'खालचा' यांचाही एकमेकांशी काही संबंध नाही. सहावी-सातवीतल्या मुलाला विज्ञानाचं पुस्तक सांगतं की आवाजाचा लहानमोठेपणा कंपनाच्या आयामावर, म्हणजे कंपन किती रुंद आहे यावर ठरतो आणि उच्चनीचता वारंवारितेवर, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात यावर. मूल हे पाठ करतं, पण त्याच्या डोक्यात 'उंच' आणि 'मोठा' एकाच खुंटीवर टांगलेले राहतात. म्हणून व्याख्या विचारणारा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. एक गुण बदलतो आणि दुसरा जागचा हलत नाही, असा प्रसंग मुलापुढे ठेवला तरच ही गाठ सुटते.

पेटी हे त्याचं सोपं उदाहरण. एकच पट्टी दाबून ठेवून भाता जोरात मारला तर आवाज मोठा होतो, सूर मात्र जवळजवळ तिथेच राहतो. भात्याचा जोर तोच ठेवून शेजारची पट्टी दाबली की सूर बदलतो. याउलट पुस्तकी प्रश्नांत हमखास येणारी 'किंकाळी' हे उदाहरण फसवं आहे. माणूस ओरडतो तेव्हा फुप्फुसातल्या हवेचा दाब वाढतो आणि स्वरतंतूही ताणले जातात, त्यामुळे आवाज मोठा होता होता वरही जातो. बोलीभाषेतला गोंधळ काही वेडेपणातून आलेला नाही. आपल्या गळ्यात या दोन गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालूनच चालतात, आणि म्हणूनच त्या सुट्या करायला गळा सोडून दुसरं काहीतरी हवं.

दुसरं काहीतरी घरातच सापडतं. नळाखाली कळशी लावली की पाणी वर येईल तसा आवाज बारीक होत जातो, आणि आता ती भरत आली हे पाठमोऱ्या माणसालाही कळतं. इथे आतली हवा कंप पावते. पाणी वाढेल तशी तिची जागा आखडते आणि कंपनं जलद होतात. काचेच्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली तरी हेच ऐकू येतं: पाणी जास्त, सूर वर. पण त्याच बाटलीवर चमच्याने टिचकी मारली तर नेमकं उलटं होतं. आता काच कंप पावते, तिला पाण्याचं ओझंही सोबत हलवावं लागतं, कंपनं मंदावतात आणि सूर उतरतो. जलतरंग वाजवणारा वाडग्यात पाणी घालून सूर उतरवतो तो याच कारणाने. यावर शिक्षकांची रास्त तक्रार असते, की एकाच बाटलीची दोन उलट उत्तरं दिली तर मुलं गोंधळतील. गोंधळतात खरी; मात्र 'पाणी वाढलं की सूर वाढतो' असा नियम घोकलेली मुलंच गोंधळतात. आधी 'इथे कंप कशाला सुटला आहे?' असं विचारलं की दोन्ही उत्तरं एकाच वाटेने येतात.

प्रतिध्वनीच्या प्रश्नाचं तर आपण निव्वळ गणित करून टाकलं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, कानात आवाज रेंगाळतो ०.१ सेकंद, म्हणून जाऊन-येऊन ३४.४ आणि भिंत किमान १७.२ मीटरवर. गणित बरोबर आहे, पण हा आकडा काही लक्ष्मणरेषा नव्हे. टाळीसारख्या क्षणिक आवाजाचा प्रतिध्वनी याहून जवळच्या भिंतीवरूनही वेगळा ओळखू येतो. सह्याद्रीतल्या कड्यासमोर हाक मारल्यावर विचारण्यासारखा प्रश्न निराळा आहे: परत आलेल्या हाकेत काय बदललं आणि काय तसंच राहिलं? आवाज वाटेत पसरला, थोडा खडकाने गिळला, म्हणून तो लहान झाला. पण सेकंदाला जितकी कंपनं गळ्यातून निघाली, तितकीच स्थिर कड्यावर आपटली आणि तितकीच परतली, म्हणून सूर तोच राहिला.

तरीही एखादं तिखट कानाचं मूल म्हणेल, की परतलेली हाक काहीशी बोदी, दबलेली वाटते. त्याचं निरीक्षण चुकीचं नाही. हाकेत मूळ सुराबरोबर कितीतरी वरचे सूर मिसळलेले असतात, आणि हवा जलद कंपनं जास्त शोषते. अंतर बरंच असेल तर 'स', 'श' यांची धार वाटेतच बोथट होते. म्हणून कडा नाव परत करतो, पण त्याच्या कडा झिजवून.