आंतरवासितेचा अर्ज व साक्षांकित प्रती

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यास शासकीय संशोधन संस्थेत आंतरवासितेसाठी अर्ज करावयाचा असल्यास त्याने संस्थेची अधिसूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. साक्षांकन कोणाचे हवे, हे बहुधा तेथेच बारीक अक्षरांत दिलेले असते.

पूर्वी प्रत्येक प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यावी लागे. केंद्र सरकारने 2014 मध्ये व महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये स्वयंसाक्षांकनास चालना दिल्यापासून ही पायपीट पुष्कळ कमी झाली आहे. उमेदवाराने प्रतीवर ‘मूळ प्रतीप्रमाणे सत्य प्रत’ असे लिहून सही, नाव व दिनांक घालावा. गुणपत्रक पाठपोट असल्यास दोन्ही बाजूंस. मात्र अधिसूचनेत राजपत्रित अधिकाऱ्याचेच साक्षांकन मागितले असेल, तर स्वतःची सही चालत नाही. अधिकारी मूळ कागद पाहूनच सही करतात, म्हणून तो बरोबर न्यावा. सहीखालील नाव, हुद्दा व शिक्का स्पष्ट उमटला आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे.

साक्षांकनाने प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढेच सिद्ध होते. समजा, दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘सावळाराम’ व महाविद्यालयाच्या नाहरकत पत्रावर ‘सावळेराम’ असे नाव आहे. दोन्हींवर सही केली तरी हा फरक मिटत नाही, आणि छाननीत अर्ज अडतो. अशा वेळी अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरून प्राचार्यांकडून पत्र नव्याने घ्यावे. त्यास दोनचार दिवस सहज लागतात. आणि अधिसूचनेतील अखेरचा दिनांक बहुधा अर्ज संस्थेत पोहोचण्याचा असतो, टपालात टाकण्याचा नव्हे.