‘सिरियस आहे, लगेच या’ म्हणण्याआधी

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेतलं एक वाक्य अजून आपल्या घराघरांत जिवंत आहे. ‘आई सिरियस, ताबडतोब निघा.’ जुन्या माणसांना विचारा, ही तार हातात पडली की घरात काय समजायचे. आजही अनोळखी नंबरवरून कोणी ‘पेशंट सिरियस आहे, लगेच या’ म्हणालं की ऐकणारा तोच अर्थ काढतो. सांगणाऱ्याला वाटतं, आपण वाईट बातमी दिलेली नाही. प्रत्यक्षात ती पोचलेली असते, फक्त अर्धवट. आणि ती घेऊन माणूस एकटाच मोटारसायकलला किक मारतो.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना असे फोन करण्यात माझी बरीच वर्षं गेली. कामाच्या सुरुवातीला मी एका मुलाला फोनवर सरळ सांगून टाकलं, ‘तुमचे वडील गेले.’ तो कुठे आहे हे विचारलंच नाही. हेल्मेटमध्ये फोन खोचून तो गाडी चालवत होता. पुढच्या वळणावर तो घसरला आणि खांद्याचं हाड मोडून आमच्याच अपघात विभागात दाखल झाला. त्या दिवसापासून मी फोनवर काय बोलायचं, कोणत्या क्रमानं बोलायचं, हे कागदावर लिहून ठेवू लागलो.

वाईट बातमी कशी सांगावी यासाठी डॉक्टरांना जी पद्धत शिकवली जाते, ती वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली कॅन्सरच्या रुग्णांसाठी मांडली. तिची पहिलीच पायरी जागेची आहे. एकांत हवा, बसायला खुर्ची हवी, जवळचं माणूस शेजारी हवं. फोनवर यातलं काहीच आपल्या हातात नसतं. म्हणून या फोनचं काम बातमी सांगणं नाही. माणसाला सुखरूप त्या खुर्चीपर्यंत आणणं एवढंच त्याचं काम, आणि तेही खोटं न बोलता.

एक प्रसंग पूर्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील बदलले आहेत. सकाळी साडेआठच्या सुमाराला एसटी स्टँडवर एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ कोसळले. १०८ ची अँब्युलन्स त्यांना घेऊन आली तेव्हा ते बेशुद्ध होते आणि नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी पाऊण तास छातीवर दाब देत प्रयत्न केले. ९ वाजून ४० मिनिटांनी मृत्यू घोषित झाला. खिशात मतदार ओळखपत्र होतं. फोनला लॉक होतं, पण लॉक न उघडता दिसणाऱ्या आपत्कालीन माहितीत मुलाचा नंबर भरलेला होता.

नंबर फिरवण्याआधी मी तीन गोष्टी केल्या. ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा नर्सबरोबर ताडून पाहिला, कारण खिशातलं कार्ड दुसऱ्याचंही असू शकतं. नातेवाइकांशी कोणते डॉक्टर बोलणार, हे ठरवून घेतलं. आणि फोन रुग्णालयाच्या लँडलाइनवरून लावला.

‘नमस्कार. मी जिल्हा रुग्णालयातून बोलतोय, इथला समाजसेवा अधीक्षक आहे. आपण कोण बोलताय?’

नाव त्यालाच सांगू द्यायचं. फोन लहान मुलानं उचलला असेल, तर फक्त ‘घरात मोठं कोण आहे?’ एवढंच विचारायचं. मुलानं नाव सांगितलं. मी वडिलांचं नाव विचारलं, ते कार्डावरच्या नावाशी जुळलं.

‘तुम्ही आत्ता कुठे आहात? गाडीवर आहात का?’

हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी. माणूस गाडीवर असेल, तर ‘आधी कडेला थांबा, गाडी बंद करा, मी फोन धरून ठेवतो’ असं म्हणायचं आणि खरोखर थांबायचं. हा मुलगा चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता.

‘तुमच्याजवळ कोणी आहे का? सुपरवायझर, मित्र? त्यांना शेजारी बोलवा. मी थांबतो.’

ते आल्यावर पुढचं:

‘तुमचे वडील आज सकाळी एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले. १०८ नं त्यांना आमच्याकडे आणलं. आणलं तेव्हा ते बेशुद्ध होते, अवस्था अतिशय गंभीर होती. डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. बाकीचं डॉक्टर तुम्हाला समोर बसून सांगतील. तुम्ही इकडे निघा.’

या चार-पाच वाक्यांतला प्रत्येक शब्द खरा आहे. ‘अवस्था गंभीर आहे’ म्हणालो असतो, तर ते खोटं ठरलं असतं. मृत्यूच्या दाखल्यावर ९.४० ही वेळ येते आणि माणसाच्या फोनमध्ये कॉलची वेळ राहते. दुःखातला माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवतोच. ‘तुम्ही दहा वाजता आम्हाला सिरियस आहे म्हणालात, म्हणजे तेव्हा ते गेलेले होते’ हे वाक्य मी दारात ऐकलं आहे. एकदा ते निघालं की उपचारांबद्दल डॉक्टर जे सांगतील, त्यातलं काहीही त्या घराला पटत नाही. म्हणून जे घडून गेलं, त्याची गोष्ट भूतकाळात सांगायची. पुढचं सांगणारा माणूस समोर असेल, हे उघडपणे म्हणायचं.

आणि काही शब्द टाळायचे. ‘काळजी करू नका, काही विशेष नाही’ हे तर कधीच म्हणायचं नाही. कारण ते ऐकलेला माणूस आंघोळ, नाश्ता आटोपून दोन तासांनी निघतो आणि नंतर त्याचं ओझं आयुष्यभर वागवतो. ‘बॉडी’, ‘पोलिस’, ‘पोस्टमॉर्टेम’ हे शब्दही फोनवर नकोत. मृत्यूचं कारण स्पष्ट नसेल तर पोलिसांना कळवावं लागतं आणि शवविच्छेदन होतं, हे खरं आहे. पण ते सांगायची वेळ बातमी कळल्यानंतरची.

मग सूचना. त्या वाक्यावाक्यानं, मधे थांबत.

‘स्वतः गाडी चालवू नका, सोबतीला कोणाला तरी घ्या. मुख्य फाटकातून आत आल्यावर डावीकडे अपघात विभाग आहे, त्याच्या दारात मी उभा असेन. माझं नाव लिहून घ्या. इथं पैसे भरायची गरज नाही, फोनवर कोणी पैसे मागितले तर देऊ नका. हा फोन खरा आहे का अशी शंका वाटली, तर रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधून फोन करा आणि माझं नाव विचारा.’

शेवटची दोन वाक्यं माझ्या कागदावर अलीकडे आली. ‘तुमच्या मुलाला अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा’ अशा फसव्या फोनांमुळे लोक आता खरा फोनही कट करतात. पलीकडचा माणूस शंका घेत असेल तर रागवायचं नाही, त्याला खात्री करून घेऊ द्यायची.

यानंतर त्याला विचारायचं, ‘आता सांगा बरं, कुठे यायचंय आणि कोणाबरोबर येताय?’ घाबरलेल्या माणसाच्या कानावर पडतं, पण डोक्यात राहत नाही. त्याच्या तोंडून पत्ता आला की समजायचं, पोचला. हा मुलगा पहिल्यांदा चुकला, त्याच्या शेजारच्या सुपरवायझरनं दुरुस्त केलं. मग मुलानंच विचारलं, ‘आईला सांगू का?’ आई गावी एकटी होती. मी म्हणालो, ‘आईंजवळ आधी कोणाला तरी जाऊ द्या. चुलते, शेजारच्या काकू, कोणीही. त्यांना घेऊन यायला सांगा.’

आणि मग तो प्रश्न आला, जो प्रत्येक वेळी येतो.

‘साहेब, खरं सांगा. आहेत ना ते?’

या क्षणासाठी उत्तर आधी ठरवलेलं नसेल तर जीभ खोटं बोलते किंवा फोन ठेवते. मी पहिल्यांदा एवढंच म्हणतो, ‘दादा, तुमच्याशी हे समोर बसून बोलावं असं मला वाटतं. तुम्ही या, मी दारातच आहे.’ बरेच जण इथं थांबतात. त्यांना कळलेलं असतं, पण शब्द ऐकायचे नसतात. तो निवडीचा हक्क त्यांचा. कोणी दुसऱ्यांदा, थेट विचारलं तर मात्र मी लपवत नाही. जवळ कोणीतरी आहे, तो बसलेला आहे, गाडी त्याच्या हातात नाही, एवढी खात्री करून स्पष्ट सांगतो, ‘तुमचे वडील वारले.’ ‘देवाघरी गेले’ किंवा ‘आता हातात काही नाही’ असं मोघम म्हटलं की माणूस पुन्हा विचारतो आणि आपण त्याला तेच दोनदा ऐकवतो. सांगून झालं की लगेच बोलायचं नाही. फोनही ठेवायचा नाही. या मुलानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हा कागद सगळीकडे चालत नाही. रुग्ण अजून जिवंत आहे पण हातचा जातोय, तेव्हा राखून बोलणं हाच अन्याय. तेव्हा म्हणायचं, ‘ते जिवंत आहेत, पण वेळ फार कमी आहे. भेटायचं असेल तर आत्ता निघा.’ नाहीतर माणूस वाटेत एटीएमसमोर रांगेत उभा राहतो आणि शेवटची भेट चुकते. दुसरी अडचण लांबच्या नातेवाइकांची. मुलगी दुबईत असेल तर तिला प्रवासभर अंदाज बांधत बसवणं निर्दय आहे. तिच्या नवऱ्याला किंवा तिथल्या मैत्रिणीला आधी तिच्याजवळ पोचवायचं आणि मग फोनवरच पूर्ण सांगायचं. व्हॉट्सअॅपमुळे ही घाई आणखी वाढली आहे. स्टँडवर कोणी फोटो काढला असेल, तर तो गावच्या ग्रुपवर आपल्या फोनच्या आधी जातो. म्हणून ओळख पटल्यावर फोनला उशीर करायचा नाही. पण घाईत शेजारी, सरपंच किंवा फोन उचलणारा मित्र यांना तपशील द्यायचे नाहीत. त्यांना फक्त निरोप द्यायचा: घरच्यांना या नंबरवर फोन करायला सांगा.

फोन ठेवला की केसपेपरवर लिहायचं: किती वाजता, कोणत्या नंबरवर, कोणाशी, काय बोललो. पाळी बदलली की नवा माणूस त्याच घराला दुसरा फोन करतो आणि वेगळंच काही सांगतो. ही चूक याच नोंदीनं टळते. त्यानंतर खोली. वडिलांचा चेहरा पुसला, चादर नीट केली, तीन खुर्च्या ठेवल्या, डॉक्टरांना वेळ कळवली.

सव्वा बारा वाजता कंपनीची गाडी आली. सुपरवायझर उतरला, मागून मुलगा. दारात पाचसहा माणसं उभी होती. त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि माझं नाव घेऊन विचारलं, ‘तुम्हीच का ते?’ मी हो म्हणालो. त्यानं माझा हात धरला आणि आम्ही आत गेलो.

ज्यानं फोन केला, त्यानंच दारात उभं राहायचं. माझ्या कागदावरची ही शेवटची ओळ आहे.